अपडेट म्हणून आलेलं दुसरंच ॲप

*माझ्या धाकट्या भावाने चॅटच्या एका ग्रुपमधल्या लिंकवरून सट्ट्याचं ॲप घेतलं. ते प्ले स्टोअरवर नाही. आधी नीट चाललं, थोडे पैसे जिंकल्याचंही दिसलं. मग ॲप उघडलं की ‘नवीन आवृत्ती घ्या, तोवर शिल्लक काढता येणार नाही’ असं येऊ लागलं. त्याने अपडेट केलं. फोनने काहीतरी इशारा दिला होता, पण तो कसा घालवायचा याची चित्रं त्याच पानावर होती. आता सेटिंग्ज उघडलं की आपोआप बंद होतं. बँकेचा मेसेज आल्याचा आवाज येतो, पण मेसेज सापडत नाही. मी म्हणते ॲप काढून टाक, तो म्हणतो आधी जिंकलेले पैसे काढू दे. ॲप काढलं की पुरे का? आणि अपडेट खोटं आहे हे कळलं कसं असतं?*
*– काळजीत पडलेली बहीण*

ताई,

ॲप काढून पुरणार नाही, आणि आत्ता ते काढत बसण्यात वेळही घालवू नका. आधी फोन बंद करा आणि त्यातलं सिम काढून घ्या. स्क्रीन काळी झाली म्हणजे फोन बंद झाला असं समजू नका. या जातीचे प्रोग्राम स्क्रीनवर काळा पडदा टाकून मागे आपलं काम चालू ठेवू शकतात. बटणं दाबून फोन पूर्ण बंद करा आणि वायफायचा राउटरही थोडा वेळ बंद ठेवा. बँकेचे मेसेज आवाज करून नाहीसे होत आहेत, याचा अर्थ ते कोणीतरी वाचतंय आणि तुमच्या भावाला दिसू नयेत म्हणून लपवतंय. असं करण्याचं एकच कारण असतं: खात्यातून पैसे काढणं चालू आहे किंवा त्याची तयारी चालू आहे.

मग तुमच्या स्वतःच्या फोनवरून बँकेला फोन करा. नंबर बँकेच्या कार्डामागून किंवा पासबुकातून घ्या, इंटरनेटवर शोधून नको. मोबाइल बँकिंग आणि कार्ड दोन्ही थांबवायला सांगा. ‘फोनमध्ये मालवेअर आहे आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जात आहेत’ हे वाक्य जसंच्या तसं सांगा. ‘फोन हॅक झालाय’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस फार तर पासवर्ड बदलायला सांगतो, आणि नव्या पासवर्डाचा ओटीपीही त्याच फोनवर जातो. भावाचं सिम घरातल्या दुसऱ्या साध्या, स्वच्छ फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी तुमच्या हातात येतील. त्याचा ईमेल तुमच्या फोनवरून किंवा संगणकावरून उघडा, पासवर्ड बदला आणि बाकी सगळ्या उपकरणांतून लॉगआउट करा. बँकेच्या पासवर्डाआधी ईमेलचा पासवर्ड बदललेला बरा, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने घेता येतात.

एवढं झालं की मग पुढचं वाचा. आधी नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उत्तर जरा लांब आहे, पण नेमकं इथेच लोक फसतात, म्हणून सविस्तर सांगते.

प्ले स्टोअरबाहेरून आलेलं प्रत्येक सट्ट्याचं ॲप विषारी असतं असं नाही, हे आधी स्पष्ट करते. खऱ्या पैशांच्या जुगाराची ॲप गूगल फक्त ठरावीक देशांत आणि परवाना असेल तरच स्टोअरवर येऊ देतं. 2021 च्या आधी असे देश फक्त चार होते, त्या वर्षी आणखी पंधरा वाढले. त्यामुळे काही कायदेशीर कंपन्याही ॲप बसवायची फाइल, म्हणजे एपीके, स्वतःच्या वेबसाइटवरून देत आल्या आहेत, आणि खेळणाऱ्यांना ‘स्टोअरवर नाही’ यात काही वावगं वाटेनासं झालं आहे. चोरांना हीच सवय उपयोगी पडते. इतर कुठलं ॲप कुणी लिंकवरून घ्यायला सांगितलं तर माणूस थबकतो, सट्ट्याच्या ॲपला थबकत नाही. गूगलने आपल्या तपासणीचा हवाला देऊन म्हटलं आहे की इंटरनेटवरून थेट घेतलेल्या ॲपमध्ये मालवेअरचं प्रमाण प्ले स्टोअरच्या पन्नास पटींहून जास्त आढळलं. स्टोअर गूगलचंच आहे, तेव्हा यात त्यांचा स्वार्थ आहे हे मान्य. तरी दिशा चुकीची आहे असं मला वाटत नाही.

तुमच्या भावाच्या बाबतीत जे घडलं ते दोन टप्प्यांत घडलं, आणि पहिला टप्पा मुद्दाम निरुपद्रवी ठेवलेला असतो. पहिलं ॲप खरोखर खेळ दाखवतं, पैसे जिंकल्याचे आकडे दाखवतं, फारशा परवानग्या मागत नाही. अँटिव्हायरसने ते तपासलं तरी त्यात हाती लागण्यासारखं फारसं नसतं, कारण घातक भाग त्यात असतच नाही. सुरक्षेच्या क्षेत्रात अशा ॲपला ड्रॉपर म्हणतात. त्याचं काम विश्वास मिळवणं आणि योग्य वेळ येताच दुसरं ॲप आत आणणं. ते दुसरं ॲप ‘अपडेट’ या नावाखाली येतं. शिल्लक अडवून ठेवलेली असते, म्हणून माणूस घाईत असतो, आणि त्या घाईत तो इशाऱ्याकडे आपल्या पैशांच्या वाटेतला अडथळा म्हणून बघतो.

हे अपडेट खोटं होतं हे ओळखण्याची एक जागा होती, आणि ती त्या वेबपानावर नव्हती. पान चोराचं असतं, तिथे तो हवं ते लिहू शकतो. बघायचं असतं ते अँड्रॉइड स्वतः दाखवतं त्या छोट्या चौकटीत.

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपला एक पॅकेज-नाव असतं, चिन्हाखाली दिसतं ते नाव वेगळं. शिवाय प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. नवी फाइल आली की फोन आधी पॅकेज-नाव पाहतो. ते आधीच्या ॲपचंच असेल, तर चौकटीत अपडेट करायचं का असं विचारलं जातं आणि बटणावर `Update` असतं. पॅकेज-नाव वेगळं असेल तर फोनच्या दृष्टीने हे नवंच ॲप असतं, मग वेबपानावर काहीही लिहिलेलं असो. तेव्हा चौकट इन्स्टॉल करायचं का असं विचारते आणि बटणावर `Install` येतं. फोन मराठीत असेल तर शब्द मराठीत येतील, पण ‘अपडेट’ आणि ‘इन्स्टॉल’ हा फरक राहतोच. भावाला विचारा, त्या वेळी कुठलं बटण दाबलं होतं. त्याला आठवत नसलं तरी एक खूण मागे राहते: खऱ्या अपडेटनंतर फोनमध्ये ॲप एकच असतं, आणि खोट्या अपडेटनंतर दोन. दुसऱ्याचं चिन्ह पुष्कळदा लपवलेलं असतं किंवा क्रोमसारखं, सिस्टिमच्या एखाद्या सेवेसारखं दिसेल असं ठेवलेलं असतं.

तिसरी शक्यताही सांगते, कारण ती फार फसवी आहे. पॅकेज-नाव तेच आहे, पण सही जुळत नाही. मग अँड्रॉइड फाइल आत घेत नाही आणि `App not installed` असं सांगतं. अशा वेळी पानावर सूचना येते: ‘अडचण येत असेल तर जुनं ॲप काढा आणि हे नवं टाका’. सूचना साधी वाटते, पण तिने केलेलं काम असं की सही ताडून पाहायला जुनं ॲपच शिल्लक राहिलं नाही. फोनने अडवलेली फाइल माणसाने स्वतःच्या हाताने आत घेतली. आधीचं ॲप काढून नवं टाकायला सांगणारं अपडेट घेऊ नका, मग ते कुठूनही येवो.

आणि `Update` दाबल्यावर ॲप नीट आत आलं म्हणून सगळं ठीक, असंही नाही. त्यातून इतकंच सिद्ध होतं की दोन्ही फाइलींवर एकाच हाताची सही आहे. तो हात चांगला की वाईट हे सहीवरून कळत नाही. चोराने पहिलं ॲप स्वतःच बनवलं असेल तर त्याचं अपडेटही नीट जुळेल. स्टोअरबाहेर ही मर्यादा कायम राहते. सही तपासायचं काम फोन करतो, माणूस तपासायचं काम कोणीच करत नाही.

क्रोमचं, अँड्रॉइडचं किंवा फोनच्या एखाद्या भागाचं अपडेट हवं असं सांगणारं वेबपान मात्र बिनदिक्कत खोटं समजा. अँड्रॉइडवर क्रोम प्ले स्टोअरमधून अपडेट होतं आणि फोनची सिस्टिम सेटिंग्जमधून. हे काम कुठलंच वेबपान करू शकत नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये थ्रेटफॅब्रिक या कंपनीच्या संशोधकांनी ब्रोकवेल नावाच्या मालवेअरची माहिती दिली होती. ते क्रोमच्या अपडेटचं हुबेहूब पान दाखवून फोनमध्ये शिरत होतं, बँक ॲपवर खोटा लॉगिन पडदा टाकत होतं आणि फोनची स्क्रीन चोराला थेट दाखवत होतं. सट्ट्याच्या ॲपमध्येही ‘तुमचं ब्राउझर जुनं झालं आहे’ असा संदेश येऊ शकतो.

आता त्या इशाऱ्याबद्दल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो बहुधा दोनपैकी एक असावा. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून बाहेरची ॲप घेण्याची मोकळीक सगळ्या फोनला एकदम मिळत नाही, प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये ती `Install unknown apps` या नावाने असते. भावाने पहिलं ॲप घेताना ती ब्राउझरला दिली असेल. अपडेटच्या वेळी ती सट्ट्याच्या ॲपला मागितली गेली असेल, म्हणजे त्या ॲपला यापुढे इतर ॲप आणण्याची मुभा मिळाली. हा पहिला इशारा. स्टोअरबाहेरच्या प्रामाणिक ॲपलाही स्वतःचं अपडेट आणायला हीच परवानगी लागते, म्हणून एकट्या या इशाऱ्यावरून निकाल देता येत नाही.

दुसरा इशारा मात्र निकाल देतो, आणि मला वाटतं तुमच्या भावाला दिसला तो हाच. 2022 च्या अँड्रॉइड 13 पासून, बाहेरून फाइल उघडून घेतलेलं ॲप ॲक्सेसिबिलिटीची किंवा नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी मागू लागलं तर फोन `Restricted setting` असं सांगून ती देऊच देत नाही. हे कुलूप उघडायला ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून `Allow restricted settings` निवडावं लागतं. ही वाट सहज सापडत नाही, म्हणूनच चोर चित्रं काढून दाखवतात. कुठल्या प्रामाणिक सट्टा कंपनीला ही वाट ग्राहकाला चित्रांसकट शिकवण्याची गरज पडत नाही. काही ड्रॉपर तर हे कुलूप लागूच देत नाहीत. एखादं स्टोअर ज्या पद्धतीने ॲप बसवतं तीच पद्धत ते वापरतात, त्यामुळे आत आलेलं ॲप बाहेरचं आहे हे फोनच्या लक्षात येत नाही. म्हणजे इशारा दिसला नाही तरी निर्धास्त होता येत नाही.

ॲक्सेसिबिलिटी म्हणजे काय हे भावाला समजावून सांगाच. ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी फोनमध्ये ही सोय आहे. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं आणि माणसाच्या वतीने बटणं दाबायची, हे तिचं काम. ते करायचं तर स्क्रीनवरचं सगळं वाचता यायला हवं आणि कुठेही बोट टेकवता यायला हवं. परवानगी देताना फोन विचारतो तेही स्पष्ट असतं: या ॲपला तुमच्या उपकरणावर पूर्ण नियंत्रण द्यायचं का? हो म्हटलं की त्या ॲपला पुढच्या परवानग्या मागाव्या लागत नाहीत, परवानगीची चौकट आली की ते स्वतःच हो दाबतं. सेटिंग्ज आपोआप बंद होतात त्या यामुळेच. तुम्ही ॲप काढायच्या पानापर्यंत पोचलात हे त्याला स्क्रीनवरच्या मजकुरावरून कळतं आणि ते तुमच्या आधी ‘मागे’ दाबतं. फोन बिघडलेला नाही, फोन दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

त्याच्या जोडीला सहसा आणखी दोन गोष्टी घेतल्या जातात. एक, मेसेज किंवा नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी, ज्यातून ओटीपी जातात. दुसरी, इतर ॲपवर चित्र दाखवण्याची परवानगी. बँकेचं ॲप उघडलं की त्याच्या वर तस्साच दिसणारा लॉगिन पडदा येतो आणि पासवर्ड त्यात टाइप होतो. काही वेळा डिव्हाइस ॲडमिनची परवानगीही घेतलेली असते, तिच्यामुळे ॲप काढता येत नाही. संपर्कयादी बहुतेक ॲप मागतात आणि लोक देऊन टाकतात. सट्ट्यात तिचा उपयोग पुढे धमकावण्यासाठी होऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवा.

सट्ट्याच्या ॲपला खरोखर काय लागतं, तर फार थोडं. इंटरनेट लागतं, ते न विचारताच मिळतं. ओळखपत्राचा फोटो घेताना कॅमेरा लागेल. ठिकाण विचारलं तर लगेच घाबरू नका. परवाना असलेल्या कंपन्यांना ग्राहक परवान्याच्या हद्दीत आहे का हे पाहावं लागतं, म्हणून त्या ते विचारतात. मेसेज वाचणं, ॲक्सेसिबिलिटी आणि डिव्हाइस ॲडमिन या तीन गोष्टींचं जुगार खेळण्याशी काहीही नातं नाही. यातली एक जरी मागितली तरी ते ॲप कशासाठी बनवलंय हे ठरून गेलं.

फोन साफ करायचा, पण त्याआधी पुरावा ठेवा. लिंक आली तो ग्रुप, पैसे भरल्याच्या नोंदी, ज्या खात्यांत पैसे गेले त्यांचे तपशील, चित्रांचं ते पान मिळालं तर तेही. फोन इंटरनेटशिवाय सुरू करून दुसऱ्या फोनने त्याच्या स्क्रीनचे फोटो काढा. डाउनलोड्समध्ये एपीके फाइल असेल तर तिचं नाव आणि तारीख दिसेल असा फोटो घ्या. फाइल पुढे कुणाला पाठवू नका. हे सगळं घेऊन सायबर पोलिसांकडे तक्रार करा. पैसे गेलेले असतील तर तक्रारीला जितका उशीर तितकी ते पुढच्या खात्यांतून निघून जाण्याची शक्यता वाढते, म्हणून फोन साफ होण्याची वाट पाहू नका.

नंतर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनवर पॉवरचा मेन्यू आणून ‘बंद करा’ या पर्यायावर बोट दाबून ठेवलं की सेफ मोड विचारलं जातं. काही कंपन्यांचे फोन सुरू होताना आवाज कमी करायचं बटण धरून ठेवावं लागतं. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे सेटिंग्ज उघड्या राहतील. आधी डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतून अनोळखी नाव बंद करा, मग ॲक्सेसिबिलिटीच्या यादीतून, मग ॲप काढा. ॲपची पूर्ण यादी बघा, चिन्ह लपवलेलं ॲपही तिथे असतं. बहुतेक फोनवर ॲपच्या माहितीच्या पानावर खाली ते कुठून आलं याची ओळ असते. स्टोअरमधून आलेल्या ॲपला तिथे स्टोअरचं नाव असतं. जे ॲप स्वतःला क्रोम म्हणवतं पण त्या ओळीत ब्राउझरचं किंवा सट्ट्याच्या ॲपचं नाव आहे, तेच बहुधा तुमचं ‘अपडेट’.

घरात किंवा ओळखीत कुणाला संगणकावरून फोन तपासता येत असेल तर त्याला ही एक आज्ञा द्या. काम एका मिनिटाचं आहे:

```
adb shell pm list packages -3 -i
```

नंतर टाकलेल्या प्रत्येक ॲपचं पॅकेज-नाव आणि ते कुणी आणलं हे यातून दिसतं. `installer=com.android.vending` म्हणजे प्ले स्टोअर. फोन बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं स्टोअर असेल तर त्याचंही नाव येईल, त्यात काळजीचं काही नाही. `null` किंवा तिसरंच काही दिसलं तर त्याच्याकडे नीट बघा.

ॲप सापडून निघालं तरी फोन फॅक्टरी रीसेट करायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. ज्या ॲपने एकदा पूर्ण नियंत्रण घेतलं त्याने आणखी काय आत आणलं याची खात्री घरबसल्या कोणी देऊ शकत नाही. फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेवा, ॲप मात्र बरोबर घेऊ नका. एका फोनवरून दुसऱ्यावर सगळं उतरवणारी काही साधनं ॲपही बरोबर नेतात, म्हणून रीसेटनंतर लागतील ती ॲप हाताने, स्टोअरमधून घ्या. बँकेचं ॲप सगळ्यांत शेवटी, बँकेशी बोलून. बँकेचा आणि बाकीचे पासवर्ड स्वच्छ उपकरणावर बदलले नसतील तर रीसेटचा अर्धा उपयोग वाया जातो. चोरलेला पासवर्ड फोन पुसल्याने पुसला जात नाही.

राहिली जिंकलेल्या पैशांची गोष्ट, कारण तुमचा भाऊ तिथे अडलाय आणि त्याचं अडणं मला समजतं. त्याला तो आकडा डोळ्यांसमोर दिसतोय. पण तो बँकेत नाही, चोराच्या ॲपच्या स्क्रीनवर आहे, आणि तिथे चोर हवा तो आकडा लिहू शकतो. शिल्लक अडवली ती अपडेट घ्यायला लावण्यासाठी. यापुढे पैसे सोडवण्यासाठी आधी कर भरा, ओळख पडताळणीचं शुल्क भरा, असं सांगितलं जाईल. ‘ग्राहक सेवा’ म्हणून कुणी स्क्रीन शेअर करायचं ॲप घ्यायला सांगेल. बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणणारा माणूसही येईल, आणि तोही आगाऊ फी मागेल. एकही पैसा पुढे भरू नका. त्याने ओळखपत्राचे फोटो दिले असतील तर ते गेले असं धरा. त्याच्या नावावर नवं कर्ज किंवा नवं सिम निघतंय का, यावर पुढचे काही महिने लक्ष ठेवावं लागेल.

भावाला रागावण्याआधी एवढं सांगा की तो एका मागोमाग एक रचलेल्या पायऱ्यांवरून चालवला गेला, आणि त्या पायऱ्या बनवणारे लोक दिवसभर हेच काम करतात. हे सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. लाज वाटली तर तो काहीतरी लपवेल: दुसरा फोन, दुसरं खातं, मित्रांना पाठवलेली लिंक. तुम्हाला आत्ता नेमकी तीच माहिती हवी आहे. लिंक त्याने पुढे पाठवली असेल तर त्या मित्रांना आजच कळवा. त्यांच्यापैकी कुणाकडे आयफोन असेल तर त्याला एपीके दिलेली नसेल, पण एखादं प्रोफाइल टाकायला लावलं असेल. सेटिंग्जमध्ये `VPN & Device Management` या ठिकाणी ते दिसतं आणि तिथूनच काढता येतं. त्यानेही बँकेचा पासवर्ड बदलावा.

जुगाराचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, म्हणून त्यावर इथे लिहीत नाही. पण पैसे काढण्याचा हट्ट त्याला मोडता येत नसेल, झोप उडाली असेल, उधारी झाली असेल, तर समुपदेशकाशी बोलण्याची वेळ आली आहे. वेगळं पत्र लिहा, मी उत्तर देईन.

रीसेट केलेला फोन परत त्याच्या हाती देताना `Install unknown apps` मधली सगळी बटणं बंद आहेत ना आणि ॲप तपासणारी गूगलची सोय, प्ले प्रोटेक्ट, चालू आहे ना, हे दोघांनी मिळून बघा. प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणारं पान पुन्हा समोर आलं तर त्याने तुम्हाला फोन करावा, एवढं आधीच ठरवून ठेवा. बँकेचं खातं उतारा काढून पाहत राहा आणि लहान, अनोळखी रकमांकडे विशेष लक्ष द्या. मोठी रक्कम काढण्याआधी वाट मोकळी आहे का हे छोट्या रकमेने चाचपलं जातं. तशी नोंद दिसली तर त्याच दिवशी बँकेला कळवा.